प्रकल्प नोंदी: ‘डबा भरलेला होता की ओ’, गड्ड्याच्या कॅप्शनमध्ये जुना विनोद परत आणताना

काम: सोलापुरात नवी पेठेतल्या शेंगा चटणीच्या दुकानाचं इन्स्टाग्राम पान. जानेवारीत गड्डा यात्रेसाठी होम मैदानावर दुकानाचा स्टॉल लागतो. त्या पोस्टच्या कॅप्शनमध्ये पानावरचा जुना विनोद वापरायचा आहे. जुन्या वाचकाला तो लगेच ओळखता यावा आणि पान पहिल्यांदाच बघणाऱ्याचं काही अडू नये.

20 डिसेंबर

आधी जुन्या पोस्ट काढून एका वहीत उतरवल्या. विनोद आठवणीवर विसंबून परत आणला की वाक्य थोडं बदलतं, आणि तेवढ्यानं ओळख निसटते. म्हणून प्रत्येक पोस्टसमोर नेमकं वाक्य, फोटोत डबा किती भरलेला होता आणि आधीच्या पोस्टपेक्षा काय वेगळं होतं, एवढ्या तीन गोष्टी लिहिल्या.

पहिली पोस्ट जूनची. काउंटरवर चव बघायला ठेवलेला काचेचा डबा, वरून दोन बोटं रिकामा. कॅप्शन: “फोटो काढायला घेतला तेव्हा डबा भरलेला होता की ओ.” ऑगस्टमध्ये कडक भाकरीचा फोटो आहे आणि मागे तोच डबा अर्ध्यावर आलेला. भाकरीबद्दल दोन ओळी आणि शेवटी “डबा भरलेला होता की ओ.” दिवाळीत भेटीच्या खोक्यात चार डबे, त्यातला एक रिकामा: “चारही भरलेले होते की ओ.” नोव्हेंबरात डबाच नाही, नुसता लाल तिखट लागलेला चमचा: “डबा? भरलेला होता की ओ.”

दिवाळीची पोस्ट या मालिकेत धरायची नाही, असं ठरलं. बाकी तीन पोस्टमध्ये रिकामा होणारा डबा दुकानाचा, चवीचा आहे. दिवाळीच्या फोटोत तो विक्रीचा झाला. त्या पोस्टखाली लोकांनी वजनाची चौकशी केली आणि ती रास्तच होती. पाकीटबंद मालावर निव्वळ वजन छापणं कायद्यानं बंधनकारक असताना दुकानानंच “एक डबा रिकामा निघाला” असं गमतीत सांगितलं, तर गिऱ्हाईक मापाचा विचार करणारच. इथून पुढे हा विनोद फक्त चवीच्या, बिनलेबलच्या डब्यावर. सीलबंद पाकीट त्याच फोटोत ठेवायचंही नाही.

22 डिसेंबर

हा विनोद कशावर उभा आहे ते वेगळं काढलं. हे केल्याशिवाय काय बदलायचं आणि काय तसंच ठेवायचं हे ठरत नाही.

त्यात तीन गोष्टी आहेत. एक, फोटोत डबा रिकामा होत चाललेला दिसतो. दोन, वाक्य तेच राहतं आणि त्याच्या शेवटी सोलापुरी “की ओ” येतं. तीन, बोलणारा कबूल काहीच करत नाही. चटणी कोणी खाल्ली हे आजवर कुठेही सांगितलेलं नाही आणि खाणाऱ्याचा हातही दिसलेला नाही. सगळा भार या तिसऱ्या गोष्टीवर आहे. “आमच्या पोरांनी संपवला” असं एकदा लिहिलं की विनोद तिथेच संपेल, कारण वाचकाला स्वतः ओळखण्यासारखं काही उरणार नाही.

कॉलबॅक करताना, म्हणजे जुना विनोद परत आणताना, या तिन्हींतली एकच गोष्ट बदलायची. दोन बदलल्या तर जुन्या वाचकाला वाक्य ओळखीचं वाटतं, पण संबंध लागत नाही. एकही बदलली नाही तर ती नुसती पुनरावृत्ती होते, आणि तीनदा झालेली गोष्ट चौथ्यांदा तशीच आली की वाचणारा फोटो न बघता पुढे जातो.

इथे कोणती बदलायची हे गड्ड्यानंच ठरवून दिलं. स्टॉलवर माल आहे हे सांगायचं असल्यामुळे फोटोत डबा पहिल्यांदाच काठोकाठ भरलेला हवा. म्हणजे डब्याची पातळी बदलणार. वाक्याची घडण आणि बोलणाऱ्याचा साळसूदपणा तसाच राहायला हवा.

26 डिसेंबर

मजकुराचे तीन खर्डे.

पहिला: “आठवतोय ना आपला तो डबा? या वेळी गड्ड्यात!” हा बाद. जुन्या वाचकाला स्वतः आठवण्याचा जो आनंद मिळायचा, तो यानं आधीच काढून घेतला. नव्या वाचकाला तर सरळ सांगितलं की तू बाहेरचा आहेस. “आठवतंय का”, “तोच आपला”, “नेहमीचे लोक समजतील” असले शब्द खर्ड्यात दिसले की ते खोडायचे. जुना संदर्भ ओळखू येतो की नाही याची लिहिणाऱ्याला खात्री नसते तेव्हा हे शब्द येतात. त्यावर उपाय फोटो आणि वाक्य नीट जुळवण्याचा आहे. जास्तीचे शब्द घालून ती कसर भरत नाही.

दुसरा: भरलेल्या डब्याचा फोटो आणि खाली जुनंच “डबा भरलेला होता की ओ.” हा पटकन सुचतो आणि पहिल्या नजरेला बराही वाटतो. पण “होता” म्हटल्यावर वाचणारा रिकामा डबा शोधतो आणि समोर भरलेला दिसतो. जुन्या वाचकाला वाटतं, चुकून जुनीच ओळ चिकटवली. नव्याला वाटतं, माल संपला. स्टॉलच्या पहिल्या दिवशी “माल संपला” असं वाचलं जाणं परवडणारं नाही.

तिसरा: “सध्या डबा भरलेला आहे की ओ.” हा ठेवला. “होता”चं “आहे” झालं ते फोटोतली पातळी बदलली म्हणून, त्यामुळे तो वेगळा बदल ठरत नाही. आणि “सध्या” हा एक शब्द दोन्हीकडे काम करतो. नव्या वाचकाला त्यातून कळतं की आत्ता माल आहे, लवकर गेलेलं बरं. जुन्याला कळतं की हा डबा काही टिकत नाही, कोणीतरी टपलेलंच आहे. बोलणारा इथेही काही कबूल करत नाही.

“सध्या”ऐवजी “अजून” घालून बघितलं. “अजून डबा भरलेला आहे” म्हटलं की खप नाही, माल पडून आहे, असा अर्थ निघतो. खाण्याच्या दुकानाला तो घातक. “आज”मध्ये उद्याची धाकधूक उतरत नाही. “सध्या”च राहिला.

29 डिसेंबर

ओळ कुठे ठेवायची?

मंचावरच्या बोलण्यात कॉलबॅक शेवटी टाकतात, कारण मधल्या वेळात ऐकणाऱ्याचं लक्ष दुसरीकडे गेलेलं असतं आणि जुनी गोष्ट अचानक समोर येते. कॅप्शनमध्ये ती सोय नाही. फीडमध्ये फोटोखाली साधारण दोन ओळी दिसतात आणि पुढचा मजकूर `more` दाबल्यावर उघडतो. बरेच जण तो दाबत नाहीत. स्टॉलची वेळ, ठिकाण, पाकिटांची मापं यांच्याखाली कॉलबॅक ठेवला तर ज्यांच्यासाठी लिहिला त्यांतल्या बऱ्याच जणांना तो दिसणारच नाही. इथे तयारीचं काम फोटो आधीच करतो. भरलेला डबा बघून जुना वाचक थबकतो आणि लगेच त्याला वाक्य मिळायला हवं. म्हणून कॉलबॅक दुसरं वाक्य. पहिलं फक्त ठिकाण सांगणारं.

देवनागरीत जागेचा अंदाज डोळ्यानं घेऊ नये. मोबाइल काना, मात्रा, वेलांटी आणि पाय मोडण्याचं चिन्ह प्रत्येकी वेगळं मोजतो. “डबा भरलेला होता की ओ.” ही ओळ वाचताना 10 अक्षरांची आहे, पण मोजणीत जागा आणि पूर्णविराम धरून 21 चिन्हं भरतात. “स्टॉल” डोळ्याला दोन अक्षरं, मोजणीत पाच. कॅप्शनची एकूण मर्यादा 2,200 चिन्हांची असल्यामुळे तिथे अडचण येत नाही. अडचण वरच्या दोन ओळींत येते.

पहिली दोन वाक्यं मिळून 58 चिन्हं होतात. पण त्यांच्यामध्ये ओळ तोडायची नाही. फीडमध्ये पानाचं नाव आणि कॅप्शन एकाच ओळीत सुरू होतं. नाव लांब असेल तर पहिलं वाक्यच दुसऱ्या ओळीवर उतरतं, आणि मध्ये ओळ तोडलेली असेल तर कॉलबॅक तिसऱ्या ओळीवर जाऊन झाकला जातो. दोन्ही वाक्यं सलग ठेवली की ही भीती बरीच कमी होते. तरी लहान पडद्याच्या फोनवर, अक्षरांचा आकार वाढवून एकदा बघायचं. वयानं मोठे गिऱ्हाईक तसाच फोन वापरतात.

3 जानेवारी

पोस्ट कोणत्या दिवशी टाकायची यावर दुकानात बोलणं झालं. काकूंचं म्हणणं स्पष्ट होतं: “अक्षतेच्या दिवशी गंमत नको. त्या दिवशी नुसता नमस्कार घाला. डब्याचं नंतर सांगा की.”

हे पूर्ण पटलं. संक्रांतीच्या सुमारास नंदीध्वजांची मिरवणूक, संमती कट्ट्यावरचा अक्षता सोहळा आणि होमविधी असतो. बाराबंदी घालून ध्वज पेलणाऱ्या माणसांच्या घरचेच आपले वाचक आहेत. सिद्धरामेश्वरांच्या सोहळ्याच्या फोटोखाली दुकानाचा विनोद बसत नाही, आणि त्या दिवसांत फीडमध्ये सगळीकडे तेच फोटो असल्यामुळे डब्याचा फोटो त्यांच्या मधोमध येईल. म्हणून विधींच्या दिवसांत एकच साधी पोस्ट. कॉलबॅकची पोस्ट विधी आटोपल्यावर, लोक खरेदीला आणि पाळण्यात बसायला मैदानात येतात तेव्हा.

याचा आणखी एक फायदा आहे. नोव्हेंबरातल्या चमच्यानंतर मध्ये साध्या पोस्टची रांग लागते: हुरड्याच्या दिवसांतली चटणी, लसणाची निवड, भाकरी थापण्याचा व्हिडिओ. इतकं अंतर पडल्यावर विनोद परत आला की तो आल्यासारखा वाटतो. दर पोस्टला टाकला असता तर आतापर्यंत तो घोषवाक्य झाला असता.

7 जानेवारी

ओळीची चाचणी. काउंटरवर येणाऱ्यांना फोनवर फोटो आणि दोन वाक्यं दाखवली. विचारायचा प्रश्न एकच: “यात काय सांगितलंय?” हसू आलं का, हे विचारायचं नाही. तसं विचारलं की माणूस भिडेखातर हसतो आणि हाती काही लागत नाही.

पान न बघितलेल्या माणसानं “होम मैदानावर स्टॉल आहे, माल आहे” एवढं सांगितलं की ओळ पास. “डबा म्हणजे कुठला?” असं विचारलं तर नापास, मग जुन्या वाचकाला ती कितीही आवडो. जुन्या वाचकाची खूण वेगळी असते. तो अर्थ सांगत बसत नाही, पुढचं वाक्य स्वतः बोलतो: “संध्याकाळपर्यंत राहील का पण?” म्हणजे धागा त्याच्या हातात आलेला असतो.

हाच फोटो दुकानाच्या व्हॉट्सअॅप स्टेटसवरही जाणार आहे. तिथे जुन्या पोस्ट दिसत नाहीत आणि स्टेटस 24 तासांत जातं. नंबर जतन केलेली बरीच गिऱ्हाइकं इन्स्टाग्रामवर नाहीतही. म्हणून नव्या माणसाची चाचणी आधी आणि जास्त कडक.

“की ओ” काढून, प्रमाण भाषेत “डबा भरलेला आहे” असंही दाखवून बघितलं. अर्थ पोचतो, पण ओळख पुसट होते. वाक्य कोणाच्या तोंडचं आहे ते “की ओ”नंच कळतं. सोलापुरात मराठी, कन्नड, तेलुगू घरांतले सगळेच असं बोलतात, त्यामुळे इथल्या कोणाला ते परकं नाही. बाहेरगावच्या वाचकाचंही त्यानं काही अडत नाही.

12 जानेवारी

फोटोची तयारी. कॉलबॅक आधी डोळ्यानं ओळखला जातो, मग वाचून. म्हणून डबा तोच काचेचा, बिनलेबलचा, दुकानातल्या काळ्या कडप्प्यावर, उजेड डावीकडून, कॅमेरा डब्याच्या मध्याच्या उंचीवर. जूनचा फोटो शेजारी उघडा ठेवून चौकट जुळवायची. स्टॉलवर रंगीत दिव्यांखाली फोटो काढायचा मोह होईल, पण तिथे चटणीचा लाल रंग बदलतो आणि मागची गर्दी डब्याची ओळख खाऊन टाकते. स्टॉलचा फोटो दुसऱ्या क्रमांकाला, पाकिटांचा तिसऱ्याला. पहिल्या फोटोत फक्त डबा.

काठोकाठ भरलेला डबा दाखवणं वाटतं तितकं सोपं नाही. भाजलेले शेंगदाणे, लसूण, तिखट, जिरं, मीठ एकत्र कुटलेली ही चटणी भुसभुशीत असते. डब्यात ओतली की आत पोकळ्या राहतात आणि डबा जरा हलला की बोटभर खाली बसते. मग जो फोटो “भरलेला” म्हणून काढला, त्यात डबा पुन्हा थोडा रिकामा दिसतो आणि अख्खा कॉलबॅक उलटतो. म्हणून तीन टप्प्यांत भरायचा. दर वेळी डबा दुमडलेल्या पंचावर आपटून चटणी बसवायची आणि शेवटी वर थोडी शीग राहील इतकी घालायची. झाकण उघडं, शेजारी.

दुसरी अडचण तेलाची. कुटलेल्या शेंगदाण्याला तेल सुटतं. भरलेला डबा रात्रभर तसाच राहिला तर काचेला आतून तेलाचे पट्टे धरतात आणि डबा वापरलेला दिसतो. रिकाम्या डब्याच्या फोटोंत ते चालून गेलं, इथे चालणार नाही. सकाळी भरायचा आणि लगेच फोटो घ्यायचा. काठावर सांडलेली चटणी ओल्या फडक्यानं पुसली तर ओघळ उठतात, म्हणून कोरड्या फडक्यानं टिपायची.

17 जानेवारी

अंतिम मजकूर:

> होम मैदानावर आपला स्टॉल लागलाय. सध्या डबा भरलेला आहे की ओ.
>
> शेंगा चटणी आणि कडक भाकरी. चटणीची पाकिटं पाव किलो आणि अर्धा किलो.
> संध्याकाळी 5 ते रात्री 10.
> नवी पेठेतलं दुकान नेहमीप्रमाणे चालू.

दुसऱ्या वाक्याच्या शेवटी हसरा चेहरा टाकायचा का, यावर थोडी चर्चा झाली. टाकायचा नाही. बोलणारा साळसूद आहे. तो स्वतःच हसला की साळसूदपणा गेला. उद्गारचिन्हही त्याच कारणानं नाही.

जूनची पहिली पोस्ट पानाच्या माथ्यावर पिन केली. इन्स्टाग्रामवर तीन पोस्ट पिन करता येतात, त्यांतली एक जागा तिला दिली. ज्याला शोध घ्यायचा आहे तो पानावर आला की पहिल्या रांगेतच त्याला तो दोन बोटं रिकामा डबा दिसेल. कॅप्शनमध्ये “जुनी पोस्ट बघा” असं लिहायची गरज उरत नाही.

18 जानेवारी

सकाळी पोस्ट केली. उत्तरं कशी द्यायची हे आधीच ठरवून ठेवलं होतं, कारण विनोद बहुतेक वेळा उत्तरांत बिघडतो.

जुना वाचक “कोणाच्या भरवशावर ठेवलाय?” असं लिहितो, तेव्हा त्याला बोलणाऱ्याच्या सुरातच उत्तर: “सध्या भरलेला आहे की ओ.” त्याहून जास्त नाही. “रात्रीपर्यंत राहील का?” हा प्रश्न मात्र दोन प्रकारचा असू शकतो. खरोखर यायचं असलेला माणूसही हेच विचारतो. त्याला गमतीचं उत्तर मिळालं तर तो येणार नाही. पान आधीपासून बघणारा आहे की नवा, हे विचारणाऱ्याच्या जुन्या प्रतिक्रियांवरून बघायचं, आणि शंका असेल तर सरळ उत्तर द्यायचं: 10 वाजेपर्यंत माल असतो. कोणी विनोदाचा अर्थच विचारला तर उलगडून सांगायचं नाही, टाळायचंही नाही. “वर पिन केलेला फोटो बघा” एवढं पुरतं.

19 जानेवारी

प्रतिक्रियांचा आढावा. “कुठला डबा?” असं कोणी विचारलं नाही. विचारलेले प्रश्न ठिकाण, वेळ आणि भाकरीच्या भावाचे. जुन्या वाचकांनी वाक्य पुढे नेलं आणि एकमेकांना टॅग करून चटणी कोण संपवणार याची नावं घातली. खाणारा कोण हे आपण मोकळं ठेवलं होतं, ती जागा त्यांनी स्वतःच्या घरातल्या माणसानं भरली. नाव न घेण्याचा नियम म्हणूनच कायम.

स्टॉलवर गिऱ्हाइकं “डबा भरलेला आहे का ओ?” असं विचारत येत आहेत. हे चांगलं आहे, पण यापुढे मूळ वाक्य जसंच्या तसं वापरता येणार नाही. वाचक आपल्या आधी ते बोलतात, म्हणजे पुढच्या वेळी ते अपेक्षितच असेल. इथून पुढे बदललेलं रूप किंवा शब्दांशिवाय नुसता फोटो.

24 जानेवारी

स्टॉल उठताना शेवटच्या दिवशी रिकाम्या डब्याचा फोटो टाकावा, असं सुचवलं गेलं. नको. “सध्या”मध्ये पुढे काय होणार हे सांगून झालंय आणि वाचकांनी ते मनात पूर्णही केलंय. आठवड्याभरात त्याचं उत्तर आपणच दाखवलं तर त्यांच्या हातचं काम काढून घेतल्यासारखं होईल. समारोपाची पोस्ट साधी: स्टॉल बंद झाला, दुकान चालू आहे, आभार.

वहीत नवी ओळ भरली: तारीख, वाक्य, पातळी काठोकाठ, बदल “होता”चा “आहे” आणि “सध्या”. पुढचा वापर उन्हाळ्याच्या आधी नाही. एप्रिलमध्ये ताक-भाकरीची पोस्ट ठरलेली आहे, त्यात डबा मागे, फोकसबाहेर ठेवून बघायचा. कॅप्शनमध्ये त्याचा उल्लेख नाही. तेव्हा पातळी किती ठेवायची हे फोटोच्या दिवशी ठरवू.